मॉर्फिनची गोळी मागणे म्हणजे व्यसन का?

प्रश्न : "बाबांचा कर्करोग हाडांत पसरला आहे आणि आता बरे करणारा उपचार उरलेला नाही. डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिले आहे. पण बाबा गोळीच्या वेळेच्या कितीतरी आधीपासून घड्याळाकडे बघत बसतात, गोळी मागतात, नाही दिली तर चिडतात. जाता जाता आम्ही त्यांना व्यसन लावतो आहोत का?"

हे विचारणारा मुलगा वडिलांची औषधे स्वतःच्या ताब्यात ठेवत असे आणि त्यात कसलीही हयगय करत नसे. भेटीला तो आईला घेऊन आला होता. मी दोघांना काहीही समजावण्याआधी औषधांची चिठ्ठी पाहायला मागितली आणि आदल्या दिवशी कोणती गोळी किती वाजता दिली, तेवढेच आठवून सांगायला लावले. मॉर्फिनबद्दलच्या भीतीवर चर्चा करत बसण्यापेक्षा हा हिशेब आधी केलेला बरा, असे माझे मत आहे, कारण बहुतेक घरांत निम्मे उत्तर तिथेच सापडते.

चिठ्ठीवर 10 मिलिग्रॅमच्या साध्या मॉर्फिनची गोळी होती. सकाळी 6, सकाळी 10, दुपारी 2 आणि संध्याकाळी 6 वाजता एकेक, आणि मधल्या रात्री उठवावे लागू नये म्हणून रात्री 10 वाजता दोन, अशी दिवसाची 60 मिलिग्रॅमची मात्रा डॉक्टरांनी ठरवली होती. मुलगा मात्र सकाळी 6, दुपारी 2 आणि रात्री 10 वाजता एकेकच गोळी देत होता. "जितकी कमी जाईल तितके बरे," एवढाच त्याचा हेतू होता. मग मी आईंना विचारले, की ते घड्याळाकडे नेमके कधी बघू लागतात? त्यांनी क्षणभरही विचार न करता सांगितले, "सकाळी दहा-साडेदहापासून. मग संध्याकाळी सहा वाजून गेले की. आणि पहाटे तर हाका मारून मारून मला उठवतात."

ही साधी गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात गुण येऊ लागतो आणि तो साधारण चार तास टिकतो. म्हणजे सहाच्या गोळीचा असर दहाला संपत होता, दोनच्या गोळीचा संध्याकाळी सहाला आणि रात्री दहाच्या एका गोळीचा पहाटे दोनला. वडील घड्याळाकडे बघत होते ते नेमके औषध उतरलेल्या तासांत, आणि असे उघडे पडलेले तास दिवसाला बारा भरत होते. मी कागदावर चोवीस तासांची एक पट्टी काढून त्यांतले बारा तास पेन्सिलीने काळे केले, तेव्हा मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. ज्याला आपल्या वेदनेवरचा इलाज कुठे ठेवला आहे हे ठाऊक आहे आणि तो आणखी चार तासांनी मिळणार हेही ठाऊक आहे, तो माणूस घड्याळ बघणारच. मागणी त्या पदार्थाची आहे की आरामाची, हे ओळखण्याचा एक मार्ग असा, की औषध ठरल्या मात्रेत आणि ठरल्या वेळी देऊन पाहायचे. वेदना आटोक्यात आल्यावर मागणे थांबले, तर ते आरामासाठीच होते.

मात्रा ठरवणे हे समुपदेशकाचे काम नव्हे, म्हणून मी त्यांच्या डॉक्टरांशी बोलून घेतले. शरीर इतके दिवस निम्म्याच मात्रेवर होते, हे लक्षात घेऊन त्यांनी पहिल्या दोन रात्री दहा वाजता एकच गोळी द्यायला आणि नंतर चिठ्ठीप्रमाणे चालायला सांगितले. आईंनी एका वहीत प्रत्येक गोळीआधी वेदनेचा आकडा लिहायचा ठरला : 0 म्हणजे अजिबात नाही, 10 म्हणजे असह्य. पहिल्या पानावर पहाटेच्या रकान्यात 8 आणि 9 होते. चौथ्या दिवसाच्या पानावर पडून असताना 2 किंवा 3 आणि कुशीवर वळवताना 5, असे आकडे दिसू लागले. कुशीवर वळवण्याची किंवा अंग पुसण्याची वेळ वेगळी धरावी लागते. हाडांतली कळ हालचालीने उसळते, म्हणून त्याच्या अर्धा तास आधी एक जादा गोळी द्यायची मुभा डॉक्टरांनी ठेवली होती. त्या आठवड्यात वडिलांनी आपणहून एकदाही गोळी मागितली नाही. उलट एका दुपारी ते "आत्ताच तर दिली होती ना?" असे म्हणाले, असे मुलाने फोनवर सांगितले.

तरीही आईंची भीती गेली नव्हती आणि तिचे कारण दुसऱ्या भेटीत कळले. त्यांचे धाकटे दीर दारूपायी गेले होते. घरातल्या माणसाने एकदा असे पाहिले असेल, तर त्याला "घाबरू नका" म्हणण्यात अर्थ नसतो. मी त्यांना त्या दिरांचे शेवटचे वर्ष आठवायला सांगितले. दारूने त्यांचे काय काय सुटले? नोकरी सुटली, मुलांशी बोलणे सुटले, जेवणाकडे लक्ष उरले नाही; त्रास होतो आहे हे दिसत असूनही पिणे थांबले नाही आणि बाटल्या लपवणे चालू राहिले. मग मी विचारले, "आणि गोळी वेळेवर मिळू लागल्यापासून ह्यांचे काय झाले?" आई म्हणाल्या, "उशीला टेकून बसतात. नातवाला गणित सांगतात. काल दाढी करून मागितली." व्यसनात माणसाचे जगणे त्या एका पदार्थाभोवती आक्रसत जाते. इथे ते थोडे का होईना, पुन्हा पसरत होते.

व्यसनाचा धोका शून्य असतो, असे मी त्यांना सांगितले नाही. रुग्णाला स्वतःला पूर्वी दारूचे किंवा अन्य मादक पदार्थांचे व्यसन असेल, तर ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावेच लागते. अशा रुग्णालाही वेदनाशमन नाकारायचे नसते, पण गोळ्या थोड्या थोड्या दिवसांच्या देणे, एकाच माणसाने मोजून ठेवणे, वारंवार भेटी घेणे अशी काळजी वाढवली जाते. ह्या घरात वडिलांना तसे काही नव्हते. घरात नातू होता, म्हणून डबा कुलपात ठेवण्याचा आग्रह मात्र मी धरला. लहान मुलासाठी जी गोळी एकदा घेतली तरी धोक्याची ठरू शकते, तिच्याबद्दलची खरी सावधगिरी हीच.

मुलाची शंका निराळी होती : "आत्ताच इतकी देऊन ठेवली, तर शेवटी काहीच लागू पडणार नाही." बरीच घरे ह्याच समजुतीने गोळी पुढे राखून ठेवतात. मॉर्फिनला ठराविक कमाल मात्रा नसते. वेदना वाढली आणि दुष्परिणाम आवरण्याजोगे असले, तर डॉक्टर मात्रा पायरीपायरीने वाढवू शकतात, आणि कर्करोगात मात्रा वाढवावी लागण्याचे कारण बहुधा आजार पुढे सरकणे हेच असते. शरीराला औषधाची सवय होते, हे खरे आहे. काही आठवडे घेतलेले मॉर्फिन एकाएकी थांबवले, तर जांभया, घाम, नाक गळणे, जुलाब, तगमग असा त्रास होतो. पण हा शरीराचा धर्म आहे. रक्तदाबाची काही औषधेही अशी अचानक सोडता येत नाहीत. म्हणून मॉर्फिन आपल्या मनाने बंद करायचे नाही, ते उतरवत न्यायचे.

हे पुढे त्यांना घरातच दिसले. कमरेच्या हाडावर रेडिएशन दिल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात वहीतले आकडे 1 आणि 2 वर आले आणि वडील दुपारी पेंगू लागले. ज्या वेदनेसाठी मात्रा बसवली होती ती कमी झाली, की तीच मात्रा जास्त पडते. डॉक्टरांनी ती दिवसाला 60 वरून 40 आणि काही दिवसांनी 30 मिलिग्रॅमवर आणली. वडिलांनी त्याबद्दल तक्रार केली नाही, लपवाछपवी केली नाही, उरलेल्या गोळ्यांची चौकशीही केली नाही. माझ्या कोणत्याही बोलण्यापेक्षा ह्याचा आईंवर जास्त परिणाम झाला.

घरच्यांनी खरे लक्ष कशाकडे द्यायचे, तेही मी लिहून दिले होते. पहिले दोन-तीन दिवस गुंगी येते, मळमळ आठवडाभर राहू शकते आणि दोन्ही बहुधा ओसरतात. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही, म्हणून रेचक पहिल्या दिवसापासून रोज द्यावे लागते. ह्या घरात "आधीच इतक्या गोळ्या" म्हणून नेमके तेच वगळले गेले होते. हाक मारल्यावर जागे न होणे, श्वास फार संथ होणे, हातपाय झटके दिल्यासारखे उडणे, नसलेल्या गोष्टी दिसणे किंवा लघवी एकदम कमी होणे ह्यांपैकी काही आढळले, तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करायचा. मूत्रपिंडे मंदावली, की मॉर्फिनचे अंश शरीरात साठतात आणि कालपर्यंत मानवणारी मात्रा आज जड होते.

काही महिन्यांनी आजार पुन्हा उसळला, मात्रा वाढली, आणि शेवटच्या आठवड्यात गिळणे थांबल्यावर गोळीऐवजी त्वचेखाली बारीक सुईने मॉर्फिन सुरू झाले. सुईवाटे दिलेले औषध अधिक पोहोचते, म्हणून त्याची मात्रा तोंडावाटे दिलेल्या मात्रेच्या निम्मी किंवा त्याहून कमी असते. आकडा कमी दिसला, तरी वेदनाशमन कमी केलेले नसते. मुलाला मी तेव्हाच आणखी एक गोष्ट सांगून ठेवली. शेवटी श्वासाची लय बदलते, मधेच थांबतो, पुन्हा खोल सुरू होतो. हे मॉर्फिन न घेणाऱ्यांतही होते. मृत्यू कोणत्या ना कोणत्या डोसनंतर येणारच असतो, आणि तो डोस ज्याच्या हातून दिला गेला, त्याच्या मनात तो रुतून बसतो.

तरी दोन आठवड्यांनी मुलगा आलाच. "चारला मी औषध दिले आणि सहाला बाबा गेले," एवढेच तो म्हणाला. आम्ही आईंची वही उघडली. श्वास थांबत थांबत चालण्याची पहिली नोंद आदल्या रात्रीची होती. चारची मात्रा आधीच्या तीन दिवसांत दर वेळी दिलेली तीच होती, आणि त्या प्रत्येक वेळेनंतर वडील हाकेला डोळे उघडत होते. बेताबेताने बसवलेली आणि शरीराने पचवलेली मात्रा तेवढीच राहून अचानक श्वास बंद पाडत नाही. ती जास्त झाली असती, तर आधी गुंगी वाढलेली दिसली असती. त्याने त्या तीन दिवसांच्या नोंदी स्वतः वाचल्या, काही वेळा पुन्हा वाचल्या, आणि मग विचारले, की उरलेल्या गोळ्या कुठे परत करायच्या. ज्या रुग्णालयातून त्या मिळाल्या होत्या, तिथेच मोजून परत द्यायला मी सांगितले.