बीटाला आधी पाणी, ग्रेव्हीला आधी साबण

प्रश्न: ऑफिसच्या डब्यात बीटाची कोशिंबीर आणि टोमॅटोची ग्रेव्ही नेते. प्लास्टिकचा डबा लाल पडलाय, आणि फिक्या सुती कुर्त्यावरही दोन्ही सांडलं होतं. डाग पक्के व्हायच्या आत नक्की काय करायचं?

दोन्ही डाग लाल असले तरी त्यांचे स्वभाव उलटे आहेत. बीटाचा रंग पाण्यात विरघळतो, तेलात नाही. टोमॅटोचा लाल रंग, म्हणजे लायकोपीन, तेलात उतरतो, पाण्यात नाही. आपल्या ग्रेव्हीत मिरचीचा आणि हळदीचा रंगही त्याच तेलात असतो. वर लाल तवंग दिसतो तो यामुळेच. म्हणून बीटाला आधी पाणी लावायचं आणि ग्रेव्हीला आधी साबण. हा क्रम उलटला की मग डाग सहजासहजी दाद देत नाही.

आधी डब्याचं सांगते. तळाशी त्रिकोणात 5 किंवा PP असं लिहिलेलं असेल तर डबा पॉलिप्रॉपिलीनचा आहे. बहुतेक जेवणाचे डबे याचेच असतात. हे प्लास्टिक पाण्याला दूर ठेवतं, पण तेलाला जवळ करतं. त्यामुळे बीट त्यावर फारसं टिकत नाही. गार पाण्याने लगेच विसळलं की निघतं, आणि ओरखड्यांत अडकलेला गुलाबी रंग थोडा वेळ पाणी भरून ठेवल्यावर सुटतो. खरा त्रास ग्रेव्हीचा. गरम ग्रेव्हीतलं रंगीत तेल हळूहळू प्लास्टिकच्या आत झिरपतं. त्यातून डबा मायक्रोवेव्हमध्ये ठेवला तर तेल उकळत्या पाण्यापेक्षाही जास्त तापतं, कडेचं प्लास्टिक मऊ पडतं आणि तिथे खरखरीत पांढुरके चट्टे उठतात. नख फिरवलं की ते लागतात. त्या चट्ट्यांत बसलेला रंग सहसा पूर्ण निघत नाही, त्यामुळे तिथे घासत बसू नका. तारेच्या घासणीने तर नवे ओरखडे पडतात आणि पुढच्या वेळी त्यांतही तेल बसतं.

डबा रिकामा झाला की तो लगेच पाण्याखाली धरू नका. कोरड्या टिश्यूने किंवा जुन्या कागदाने आतला तवंग पुसून घ्या. ऑफिसमध्ये एवढं जरी केलंत तरी संध्याकाळचं निम्मं काम वाचतं. घरी आल्यावर भांडी घासायचं लिक्विड, पाणी न घालता, अर्धा चमचा आतून चोळा आणि दहा मिनिटं तसंच राहू द्या. मग पाव डबा कोमट पाणी घाला, टिश्यूचे दोन-तीन तुकडे टाका, झाकण लावा आणि मिनिटभर जोरात हलवा. साबण तेल सोडवतो आणि कागद ते टिपून घेतो, कागद केशरी झालेला दिसेलच. पाणी कोमटच घ्या. कढत पाणी घालून झाकण लावलं तर वाफेने ते उडतं. डबा तरीही केशरी राहिला तर धुऊन, उघडा करून, उन्हात पालथा न ठेवता आतली बाजू सूर्याकडे करून ठेवा. लायकोपीन आणि हळद दोन्हींचा रंग उन्हात उडतो. कडक ऊन असेल तर एक-दोन दिवसांत फरक दिसतो, काचेच्या खिडकीमागे जास्त वेळ लागतो.

कुर्त्याचं गणित वेगळं आहे, कारण सुती कापड पाणी आणि तेल दोन्ही शोषतं. माझ्या नणंदेच्या मोतिया रंगाच्या कुर्त्यावर जेवणाच्या सुट्टीत अगदी तुमच्यासारखंच झालं होतं, पोटावर बीट आणि बाहीवर ग्रेव्ही. तिने फोन केला तेव्हा मी तिला सांगितलं की दोन्ही जागा वेगळ्या हाताळ. बीटाचे किसलेले तुकडे चमच्याने उचलायला लावले, कारण पुसलं की रस पसरतो. मग वॉशबेसिनवर कापड उलटं करून, मागच्या बाजूने त्या जागेवर नळाची गार धार सोडायला सांगितलं. मागून पाणी मारलं की रंग आला त्याच वाटेने बाहेर पडतो. धारेतलं पाणी गुलाबी यायचं थांबेपर्यंत ती तशीच धरायची. कोशिंबिरीत दही असेल तर गरम पाणी मुळीच नको, दह्यातलं प्रथिन धाग्याला चिकटतं.

यावेळी बाहीवरची ग्रेव्ही मात्र कोरडीच ठेवायची होती. तिने ती चमच्याच्या कडेने खरवडली, टिश्यू दाबून तेल टिपलं आणि एका मैत्रिणीच्या पर्समधली टाल्कम पावडर वर टाकली. तांदळाचं पीठही चालतं. घरी येऊन पावडर झटकली, कोरड्याच डागावर भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब बोटाने हळूच जिरवले, पंधरा मिनिटं थांबली आणि मग मागून पाणी सोडलं. एवढ्यात लाल रंग गेला, फिकट पिवळी हळद राहिली.

इथे बऱ्याच जणी घाबरतात. हळदीच्या डागावर कपड्यांची साबणवडी लावली की तो एकदम लालभडक होतो. वडीत क्षार असतो आणि क्षाराने हळद लाल होते, एवढंच. स्वच्छ पाण्याने साबण पूर्ण काढला की ती पुन्हा पिवळी होते. मग कापड ओलंच उन्हात वाळत घाला, पिवळेपणा तिथे उतरतो. बीटाच्या ताज्या डागावर मात्र वडी किंवा खायचा सोडा आधी लावू नका. क्षाराने त्याचा रंग मळकट पिवळसर होतो आणि डाग गेला असं वाटून आपण धुणं थांबवतो.

गार पाण्यानंतरही बीटाची गुलाबी छटा राहिली तर पांढऱ्या किंवा फिक्या पक्क्या रंगाच्या कापडावर हायड्रोजन पेरॉक्साइड वापरता येतं. औषधाच्या दुकानात ते बहुतेक 6 टक्क्यांचं मिळतं. त्यात तेवढंच पाणी मिसळा, आधी आतल्या शिवणीवर एक थेंब टाकून रंग जात नाही ना पाहा, मग डागावर लावून दहा-पंधरा मिनिटांनी धुवा. त्यात व्हिनेगर किंवा क्लोरीनचं ब्लीच मिसळू नका. भरतकाम, जर किंवा रेशीम असेल तर हा उपाय सोडून द्या आणि कापड ड्रायक्लीनरकडे न्या, डाग कशाचा आहे ते त्याला सांगा.

डाग गेला की नाही हे ओल्या कापडावर कळत नाही. कापड सावलीत पूर्ण वाळवून खिडकीच्या उजेडात तिरकं धरून बघा. थोडी जरी कड दिसली तरी इस्त्री फिरवू नका, ड्रायरमध्येही टाकू नका. तापल्यावर उरलेलं तेल धाग्यात बसतं. साबणाचा तोच प्रकार पुन्हा एकदा करा, जुन्या डागालाही दुसऱ्या फेरीत बराच फरक पडतो.