ही खुर्ची रिकामी का झाली?

ताई, मी सहा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. मागच्या नोकरीच्या इंटरव्ह्यूमध्ये ‘इथे वर्क-लाइफ बॅलन्स कसा आहे?’ असं विचारलं होतं. ‘एकदम छान,’ म्हणाले. रुजू झाल्यावर रोज रात्रीचे अकरा, मॅनेजरचं सगळ्यांसमोर ओरडणं, आणि दहा महिन्यांत तीन जण सोडून गेले. आता खराडीच्या एका कंपनीत शेवटची फेरी गुरुवारी आहे, थेट मॅनेजरबरोबर. काय विचारलं म्हणजे खरं कळेल आणि ऑफरही हातची जाणार नाही? – ताकही फुंकून पिणारी, पुणे

प्रिय मैत्रिणी,

‘कसा आहे?’ असं विचारलं की समोरचा त्याचं मत सांगतो, आणि स्वतःच्या घराला कोण वाईट म्हणेल? त्यामुळे गुरुवारी मत विचारूच नकोस. घडून गेलेली गोष्ट विचार. ‘मागचं रिलीज कसं गेलं?’ याचं उत्तर देताना माणसाला आठवावं लागतं, आणि आठवताना तपशील आपोआप बाहेर येतात.

सुरुवात खुर्चीपासून कर. ‘ही जागा नवीन आहे की कोणाच्या जागी घेताय?’ हा अगदी साधा प्रश्न आहे, त्याचा कोणालाही राग येत नाही. ‘जागी घेतोय’ असं उत्तर आलं, तर ती व्यक्ती आता कुठे आहे ते विचार. ‘दुसऱ्या प्रोजेक्टवर गेली, वरच्या मजल्यावरच बसते’ हे एक उत्तर झालं. ‘आमच्या कल्चरला फिट नव्हती’ हे अगदी वेगळं. मग पुढचा प्रश्न: ‘वर्षभरापूर्वी टीममध्ये किती जण होते, आणि त्यातले आज किती आहेत?’ याचे दोन्ही भाग विचारायचे. समज, आज टीम सात जणांची आहे आणि त्यातले पाच नवीन आहेत. एवढ्यावरून काहीच कळत नाही. वर्षभरापूर्वी दोघंच होते, दोघंही अजून आहेत आणि नवा क्लायंट आल्यामुळे पाच जण घेतले, तर ती वाढ झाली. पण वर्षभरापूर्वी सहा होते आणि त्यातले दोनच उरले, तर वर्षात सहातले चार गेले. नवे दोन्हीकडे पाचच, पण तू बसणार ती खुर्ची वेगळी. चार गेले म्हणजे मॅनेजरच वाईट असंही लगेच धरू नकोस. प्रोजेक्ट संपतो, कोणी शिकायला बाहेर जातं, पगारवाढ मॅनेजरच्या हातात नसते. कोण का गेलं हे तो शांतपणे, एकेकाबद्दल सांगू शकला तर ऐकून घे. सगळ्यांसाठी एकच कारण पुढे आलं, आणि दोष प्रत्येक वेळी जाणाऱ्याचाच निघाला, तर तिथे पाणी मुरतंय.

कामाच्या भाराबद्दल ‘किती वाजता सुटता?’ असं विचारू नकोस. त्याचं उत्तर नेहमी सहा-साडेसहा असतं. तू टेस्टिंगमधली आहेस, तुझ्याकडे यापेक्षा चांगला प्रश्न आहे: ‘मागच्या रिलीजला शेवटचा बिल्ड टेस्टिंगकडे कोणत्या दिवशी आला, आणि रिलीज कधी होतं?’ आपल्या कामात उशीर वरून गळत येतो आणि शेवटी आपल्या ओंजळीत साचतो. डेव्हलपमेंटला चार दिवस जास्त लागले तरी रिलीजची तारीख तीच राहते, आणि ते चार दिवस टेस्टिंगच्या वाट्यातून कापले जातात. बिल्ड गुरुवारी संध्याकाळी आणि रिलीज सोमवारी, म्हणजे शनिवार-रविवार गेलाच, कोणी तोंडाने सांगितलं नाही तरी. म्हणून लगेच पुढचं विचार: ‘गेल्या सहा महिन्यांत तारीख कधी पुढे ढकलली का? कोणी ढकलली?’ ‘हो, दोनदा, मी क्लायंटशी बोललो’ असं सांगणारा मॅनेजर टीम आणि क्लायंट यांच्या मधे उभा राहतो. ‘आम्ही तारीख कधीच चुकवत नाही’ हे अभिमानाने सांगितलं गेलं, तर ती कोणाच्या झोपेवर पाळली जाते ते विचारायला हवं. ऑन-कॉल असेल तर रोटात किती जण आहेत ते विचार, आणि त्यातले आज खरोखर पाळी घेणारे किती तेही. कागदावर सहा असले तर सहा आठवड्यांतून एकदा पाळी येईल. त्यातले तिघं अजून शिकतायत असं निघालं, तर दर तिसऱ्या आठवड्याला फोन उशाशी.

मॅनेजर ओळखण्यासाठी माझा भरवसा एकाच प्रश्नावर आहे: ‘प्रॉडक्शनमध्ये निसटलेला शेवटचा मोठा बग कोणता? त्यानंतर काय केलं?’ उत्तराचं पहिलं वाक्य कोणापासून सुरू होतं, तिकडे कान दे. ‘आमच्या रिग्रेशनमध्ये ती केस नव्हती, आता घातली’ असं म्हणणारा काम दुरुस्त करतो. माणसावर बोट ठेवणारा माणसं बदलत राहतो.

मी हे चूक करून शिकले. बऱ्याच वर्षांपूर्वी एका इंटरव्ह्यूमध्ये मी हाच प्रश्न विचारला होता आणि मॅनेजर म्हणाले होते, ‘एक मुलगी निष्काळजी होती, तिला काढलं.’ ते बोलत असताना शेजारी बसलेल्या सीनियरने पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं, पण मान वर केली नाही. मी ते पाहिलं. पगार चांगला होता, म्हणून सोडून दिलं. आठ महिन्यांनी एक बग निसटला, आणि पुढच्या उमेदवाराला सांगायच्या गोष्टीतली ती निष्काळजी मुलगी मी झाले.

आता ऑफर जाण्याची भीती. गुरुवारी यातले तीनच प्रश्न विचार: खुर्चीचा, बिल्डचा आणि बगचा. ते काम समजून घेणाऱ्या माणसाचे प्रश्न वाटतात, कारण ते तसेच आहेत. मागच्या कंपनीबद्दल मात्र एक शब्दही काढू नकोस, नाहीतर हेच प्रश्न तक्रारीसारखे ऐकू येतात. सुट्ट्या, घरून काम, ऑन-कॉलचा भत्ता आणि कॉम्प-ऑफ हे एचआरला ऑफर आल्यावर विचार, आणि उत्तर मेलवर माग.

ऑफर हातात आली, पण तू होकार कळवलेला नाहीस, तेव्हा एक विनंती जरूर कर: ‘टीममधल्या कोणाशी वीस मिनिटं बोलायला मिळेल का?’ ज्यांना लपवायचं काही नसतं ते बहुतेक वेळा दोन दिवसांत जुळवून देतात. दोनदा विचारूनही टाळाटाळ झाली, तर तेही उत्तरच समज. फोनवर त्या व्यक्तीला ‘मॅनेजर कसे आहेत?’ असं विचारून कोंडीत पकडू नकोस, बिचारीला तिथेच नोकरी करायची आहे. तिलाही बिल्डचाच प्रश्न विचार, त्याच शब्दांत. मॅनेजर ‘मंगळवारी’ म्हणाले असतील आणि ती ‘गुरुवारी, कधी कधी शुक्रवारी’ म्हणाली, तर तिचं खरं धर. फरक एखाद्या दिवसाचा असेल तर सोडून दे, माणसं विसरतात.

आणि गुरुवारी बाहेर पडलीस की गाडीला किल्ली लावायच्या आधी तिन्ही उत्तरं त्यांच्याच शब्दांत फोनमध्ये लिहून ठेव. ऑफरचा आकडा आला की आठवण त्या आकड्याच्या बाजूने झुकते, आणि ‘फिट नव्हती’ हे शब्द पुसट होतात. होकार कळवायच्या आदल्या रात्री ती नोंद एकदा वाच.

तुझी,
ताई