सात मॉडेलं, आणि जाहिरातीतली ‘प्रॉडक्शन’ची अट

प्रश्न: दादा, मी नाशिकचा, अंबडला एका कंपनीत डेटाचं काम करतो. जर्मनीत मशीन लर्निंग इंजिनिअर म्हणून यायचंय. रेझ्युमेत सात मॉडेल प्रोजेक्ट आहेत, पण जाहिरातीत ‘प्रॉडक्शन डिप्लॉयमेंटचा अनुभव’ मागतात. आठवं कोणतं करू?

आठवं करूच नकोस. सातातलं द्राक्षाच्या पानांवरून भुरी नि केवडा ओळखणारं उचल आणि ते चालतं कर. ‘अचूकता ९६ टक्के’ वाचून मला एवढंच कळतं की नोटबुक एकदा नीट चाललं. टीमला हवं असतं ते वेगळंच: तू समोर नसताना अनोळखी फोटो आला तर काय होतं, आणि बिघडलं तर तुला कधी कळतं?

मॉडेल फास्टएपीआयमागे ठेव, डॉकरमध्ये बांध, भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर चढव. एवढं व्हिडिओ बघूनही जमतं. मग लिंक दिंडोरीकडच्या एखाद्या बागायतदाराला दे. खरी गंमत तिथून.

समजा ट्रेनिंगला फोटो ओपनसीव्हीने वाचलेस आणि सर्व्हरवर पिलोने. `cv2.imread` रंग निळा-हिरवा-लाल या क्रमाने देतं, पिलो लाल-हिरवा-निळा. केवड्याचा पिवळट तेलकट डाग मॉडेलला निळसर दिसतो. एरर येत नाही, उत्तर मात्र चुकतं. शिवाय मोबाइलवर उभा काढलेला फोटो ओपनसीव्ही आपोआप सरळ करतं. पिलोला ते सांगावं लागतं:

```python
img = ImageOps.exif_transpose(Image.open(f)).convert("RGB")
```

म्हणून फोटो वाचण्याचं फंक्शन एकच ठेव, मॉडेल त्यावरच पुन्हा शिकव आणि सर्व्हरलाही तेच दे. मग पन्नासेक फोटो नोटबुकमधून आणि सर्व्हरमधून काढून बघ. दोन्हीकडची संभाव्यता जवळजवळ तंतोतंत जुळायला हवी. नवी आवृत्ती चढवण्याआधी ही तपासणी आपोआप चालू दे. ती नापास झाली तर जुनीच चालू राहील अशी सोय कर. प्रत्येक उत्तरासोबत मॉडेलची आवृत्ती, लागलेला वेळ आणि संभाव्यता नोंदव. ऑक्टोबर छाटणीनंतर दव-पावसातले ओले फोटो येऊ लागले की संभाव्यता घसरताना त्या नोंदींत दिसेल. तुझ्या ९६ टक्क्यांत एकाच बागेतले, एकाच दिवशीचे फोटो ट्रेनिंगमध्येही आणि टेस्टमध्येही असतील, तर तो आकडाही तेव्हाच उघडा पडेल. बाग धरून विभागणी कर. आकडा खाली आला तरी तोच लिही.

रेझ्युमेत मग असं येईल: ‘वैयक्तिक प्रोजेक्ट. बागायतदार वापरतात अशी सेवा. रंगक्रमातली तफावत शोधून दुरुस्त केली. चढवण्याआधी स्वयंचलित तपासणी, जुन्या आवृत्तीवर परतण्याची सोय.’ ‘वैयक्तिक’ हा शब्द गाळू नकोस, पहिल्याच फोनवर विचारतात. उरलेली सहा एका ओळीत बसव.

तीन वर्षं ऑन-कॉल मागणाऱ्या जागेला हे पुरणार नाही, तिथे अर्ज करण्यात वेळ घालवू नकोस. छोट्या टीमच्या जागा बघ. आणि अंबडच्या कंपनीत रोज रात्री चालणारं एखादं डेटाचं काम असेल तर ते मागून घे. पगारी कामातला तेवढा अनुभवही या प्रोजेक्टच्या वर लिहिता येतो.