क्रिएटिन पायांपेक्षा छाती-हातांना जास्त लागू पडते का?

प्रश्न: दोन महिने रोज पाच ग्रॅम क्रिएटिन घेतोय. बेंच प्रेस सरसर वाढला, स्क्वॉट मात्र जागचा हलत नाही. क्रिएटिन वरच्या शरीरालाच जास्त लागू पडतं का? दोन्हींची तुलना करणाऱ्या अभ्यासांत काय निघालं आहे?

उत्तर:

आजवरच्या अभ्यासांवरून क्रिएटिनचा फायदा दोन्हीकडे होतो असे म्हणता येते. वरच्या शरीराला तो निश्चितपणे जास्त होतो असे मात्र म्हणता येत नाही. तुमचा स्क्वॉट अडला असेल तर त्याचे कारण डब्यातल्या पावडरीपेक्षा तुमच्या व्यायामाच्या आखणीत असण्याची शक्यता मला अधिक वाटते. मी गेली अकरा वर्षे जिममध्ये येणाऱ्यांच्या नोंदवह्या पाहत आलो आहे आणि हीच तक्रार अनेकदा ऐकली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या समजाला आधार अजिबात नाही असे नाही. 2003 साली ब्रँच यांनी सुमारे शंभर अभ्यास एकत्र करून जे विश्लेषण केले, त्यात वरच्या शरीराच्या व्यायामांसाठी परिणामाचा आकडा 0.42 आणि खालच्या शरीरासाठी 0.21 असा निघाला. दुप्पट फरक दिसला की लोक तेवढेच लक्षात ठेवतात, आणि ‘क्रिएटिन वरच्या शरीराला जास्त लागते’ हे वाक्य बहुतेक तिथूनच जिममध्ये पोहोचले असावे. पण क्रिएटिनवरच्या संशोधनात पायांच्या बाजूला केवळ स्क्वॉट आणि लेग प्रेस नसतात. सायकलवरचे स्प्रिंट आणि यंत्रावर बसून गुडघा सरळ करण्याच्या चाचण्याही त्याच बाजूला जमा होतात. वरच्या शरीराच्या बाजूला मात्र बेंच प्रेसचा वाटा मोठा असतो. म्हणजे एका पारड्यात मुख्यतः वजन उचलणे आणि दुसऱ्या पारड्यात नाना प्रकारची कामे, अशी ती तुलना होते.

वजन उचलण्यापुरते पाहिले तर चित्र बदलते. डेम्प्सी आणि सहकाऱ्यांनी 2002 साली सोळा अभ्यास एकत्र तपासले. त्यात क्रिएटिन घेणाऱ्यांचा बेंच प्रेस प्लासिबो, म्हणजे तशीच दिसणारी पण क्रिएटिन नसलेली पावडर, घेणाऱ्यांपेक्षा सरासरी 6.85 किलोने आणि स्क्वॉट 9.76 किलोने जास्त निघाला. बायसेप्स कर्लमध्ये फरकच दिसला नाही. क्रिएटिन वरच्या शरीरावर मेहेरबान असते, तर कर्लने काय पाप केले होते? 2024 साली पन्नाशीच्या आतील प्रौढांवरच्या तेवीस अभ्यासांचे विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात वरच्या शरीराची ताकद 4.43 किलोने आणि खालच्या शरीराची 11.35 किलोने जास्त वाढलेली आढळली. हे आकडे तसेच्या तसे घेतले तर पायांचा फायदा अडीचपट ठरतो.

मग खरे कोणते? गोंधळ मोजपट्टीचा आहे, आणि तो एका उदाहरणाने सुटतो. समजा एखाद्याचा बेंच प्रेस 80 किलो आणि लेग प्रेस 200 किलो आहे. वरची 4.43 किलोची वाढ त्याच्या बेंचच्या साडेपाच टक्के होते आणि 11.35 किलोची वाढ त्याच्या लेग प्रेसच्या पावणेसहा टक्क्यांच्या आसपास जाते. किलोत अडीचपट दिसणारा फरक टक्क्यांत जवळजवळ नाहीसा झाला. पाय मुळातच जास्त वजन उचलतात, म्हणून त्यांची वाढही किलोत मोठी दिसते, एवढाच त्याचा अर्थ.

विश्लेषणांतला 0.42 सारखा आकडा तर किलोही नसतो आणि टक्काही नसतो. दोन गटांतल्या फरकाला त्या गटातली माणसे एकमेकांपासून किती विखुरलेली आहेत त्या मापाने भागून तो काढतात. पुन्हा उदाहरण घेऊ. बेंचमध्ये माणसामाणसांतला विखुरलेपणा 15 किलो असेल आणि फायदा साडेचार किलो असेल, तर उत्तर 0.30 येईल. लेग प्रेसमध्ये विखुरलेपणा 45 किलो असेल, तर साडेअकरा किलोंचा फायदा होऊनही उत्तर 0.25 च्या पुढे फारसे जाणार नाही. लेग प्रेसमध्ये हा विखुरलेपणा मोठाच असतो, कारण कोण किती खाली येतो, यंत्राचा कोन काय आहे, सीट किती मागे आहे, या सगळ्यावर प्लेटांची संख्या ठरते. डेम्प्सींच्या आकड्यांतही हे दिसते. खरा फायदा ज्या टप्प्यात असावा, ती अंदाजाची मर्यादा बेंचसाठी 5.24 ते 8.47 किलो होती, तर स्क्वॉटसाठी 3.37 ते 16.15 किलो. पायांचा फायदा कमी नव्हता, तो अंधुक दिसत होता.

माझ्या मते सर्वांत उपयोगी जोडी लानेर्स आणि सहकाऱ्यांची आहे, कारण एकाच गटाने जवळपास एकाच पद्धतीने 2015 साली पायांवरचे साठ अभ्यास आणि 2017 साली हातांवरचे त्रेपन्न अभ्यास तपासले. पायांसाठी एकूण आकडा 0.235 आला आणि त्याची मर्यादा 0.125 ते 0.346 होती. हातांसाठी तो 0.317 आला आणि मर्यादा 0.185 ते 0.449 होती. या दोन मर्यादा एकमेकींवर बऱ्याच चढलेल्या आहेत, तेव्हा हातांचा आकडा थोडा वर असला तरी त्यावर पैज लावण्यात अर्थ नाही. त्यातही एकेक व्यायाम वेगळा काढला की स्क्वॉट 0.336 वर आणि बेंच प्रेस 0.265 वर दिसतो, म्हणजे क्रम उलटाच झाला! ज्या फरकाची दिशाच व्यायाम बदलताच बदलते, त्याला क्रिएटिनचा गुणधर्म म्हणता येणार नाही.

एका गोष्टीकडे मात्र मी प्रामाणिकपणे बोट दाखवायला हवे. 2017 साली न्यूनेस आणि सहकाऱ्यांनी व्यायामाची सवय असलेल्या 43 पुरुषांवर आठ आठवड्यांचा प्रयोग केला आणि अवयवनिहाय चरबीविरहित भाग डेक्सा या क्ष-किरण यंत्राने मोजला. क्रिएटिन गटात हातांचा हा भाग 7.1 टक्के वाढला, प्लासिबो गटात 1.6 टक्के. पायांत ते आकडे 3.2 आणि 0.7 होते. टक्क्यांत हात स्पष्टपणे पुढे आहेत. पण हे मोजमाप आकारमानाचे आहे, उचललेल्या वजनाचे नाही, आणि क्रिएटिनमुळे स्नायूत शिरलेले पाणीही डेक्सा चरबीविरहित भागातच धरते. शिवाय दोन्ही हातांत मिळून असा भाग सात किलो आणि दोन्ही पायांत वीस किलो आहे असे धरले, तर प्लासिबोच्या वरची वाढ हातांत 400 ग्रॅमच्या आत आणि पायांत अर्धा किलो भरते. म्हणजे इथेही मोजपट्टी बदलली की विजेता बदलतो. 2023 साली स्नायूंची जाडी थेट प्रतिमा घेऊन मोजणाऱ्या अभ्यासांचे विश्लेषण झाले, त्यात हात आणि पाय दोन्हींत वाढ लहानच आणि साधारण सारखी आढळली.

आता तुमच्या स्क्वॉटकडे येतो. क्रिएटिन स्नायूतला फॉस्फोक्रिएटिनचा, म्हणजे झटपट ऊर्जा पुरवणाऱ्या इंधनाचा, साठा वाढवते आणि त्यामुळे दोन सेटांच्या मधल्या विश्रांतीत तो साठा अधिक भरून येतो. परिणामी तिसऱ्या-चौथ्या सेटमध्ये एखाद-दुसरा रेप जास्त निघतो आणि असे जास्तीचे रेप आठवड्यांमागून आठवडे साचून ताकद वाढते. म्हणजे क्रिएटिनचा बराचसा फायदा व्यायामामार्फत मिळतो. रॉसन आणि व्होलेक यांच्या 2003 सालच्या आढाव्यात क्रिएटिनसह व्यायाम करणाऱ्यांची ताकद सरासरी 20 टक्के वाढली होती, तर नुसता व्यायाम करणाऱ्यांची 12 टक्के. त्या विसातले बारा टक्के व्यायामाचेच होते. ज्या व्यायामात जास्तीचा रेप काढायला जागाच नाही, तिथे क्रिएटिनला करण्यासारखे फारसे काही उरत नाही.

मागच्या वर्षी माझ्याकडे चोवीस वर्षांचा एक मुलगा अगदी तुमच्यासारखीच तक्रार घेऊन आला होता. मी त्याची वही मागितली. बेंच प्रेस आठवड्यातून दोनदा, 60 किलोवर, प्रत्येक सेट दम निघेपर्यंत. क्रिएटिन सुरू करण्यापूर्वी त्याचे रेप 8, 6, 5 असे पडत होते आणि सहा आठवड्यांनी 8, 8, 7. जास्तीचे चार रेप वहीत डोळ्यांना दिसत होते. स्क्वॉट मात्र आठवड्यातून एकदाच, 80 किलोवर, आणि प्रत्येक रकान्यात 5, 5, 5. सुरुवातीला पाच आणि सहा आठवड्यांनीही पाच, कारण कार्यक्रमात पाच लिहिले होते म्हणून तो पाचवरच बार रॅकवर ठेवत होता. मी त्याला शेवटचा सेट खुला सोडायला सांगितले: खोली तीच, विश्रांती तीन मिनिटांची, आणि फॉर्म बिघडू लागला की थांबायचे. त्याने आठ रेप काढले. त्यातले किती क्रिएटिनमुळे आणि किती नुसत्या सरावामुळे, हे एका माणसाच्या वहीवरून कुणालाच सांगता येणार नाही, पण ‘पायांना काहीच झाले नाही’ हे त्याचे म्हणणे तिथेच संपले.

स्क्वॉटमध्ये आणखी एक लहानशी खोच आहे. क्रिएटिन सुरू केल्यावर वजनकाट्यावर किलो-दीड किलो वाढ दिसणे नेहमीचे आहे आणि स्क्वॉट करताना बारबरोबर स्वतःचे शरीरही वर न्यावे लागते. बेंचवर पाठ टेकलेली असल्यामुळे तो भार येत नाही. फरक थोडा आहे, पण तुम्ही अडीच किलोच्या वाढीची वाट पाहत असाल तर त्यातला काही हिस्सा असा शरीरातच खर्च झालेला असतो आणि बारवर दिसत नाही.

पुढचे सहा आठवडे तुम्ही पाच ग्रॅमचे प्रमाण तसेच ठेवा आणि स्क्वॉट आठवड्यातून दोनदा घ्या. मागे एक ठरावीक उंचीचा बाक ठेवा, म्हणजे प्रत्येक रेपची खोली सारखी राहील. वजन न बदलता शेवटचा सेट खुला ठेवा आणि वहीत किलोऐवजी त्या सेटचे रेप लिहा. रेप वाढत गेले तर वजन चढवायची वेळ आली आहे असे समजा. बेंचचे वाढत राहिले आणि पायांचे खरोखरच जागच्या जागी राहिले, तर आधी झोप, खाणे आणि स्क्वॉटची पद्धत तपासा. तोपर्यंत क्रिएटिनच्या डब्याला दोष देऊ नका.