सात नकारांचा हिशेब

प्रश्न: "वय 28, नाशिक. दोन वर्षांत सात स्थळांकडून नकार आला. शेवटच्यांनी मध्यस्थांना 'मुलगी जरा सावळी वाटली' असं सांगितलं आणि ते घरी सगळ्यांसमोर बोललं गेलं. तेव्हापासून आरशात बघावंसं वाटत नाही. काय करू?"

उत्तर:

ते वाक्य तुमच्या कानावर यायलाच नको होतं. कुणीतरी ते फोनवर सहज बोललं, मध्यस्थांनी जसंच्या तसं पुढे दिलं आणि आता ते तुमच्या डोक्यात मुक्काम ठोकून बसलंय. म्हणून आधी एक व्यवस्था बदला. यापुढे निरोपाचा फोन घरातल्या एकाच शांत माणसाने घ्यावा, मामा असोत की मोठी बहीण. तुमच्यापर्यंत फक्त 'पुढे जायचंय' किंवा 'नाही' एवढंच यावं. कारण विचारूच नये. खरं कारण बहुतेकदा सांगितलं जात नाही, आणि जे सांगितलं जातं ते फोन लवकर ठेवता यावा म्हणून सांगितलेलं असतं.

मग एका संध्याकाळी कागद घेऊन बसा. सातही स्थळं लिहा आणि प्रत्येकापुढे ते कोणत्या टप्प्यावर थांबलं तेवढंच लिहा: पत्रिका, बायोडेटा-फोटो, की प्रत्यक्ष भेट.

पत्रिकेवर अडलेली स्थळं आधी खोडून टाका. 36 गुणांपैकी 8 एकट्या नाडीचे असतात. नाड्या तीनच, आद्य, मध्य आणि अंत्य, आणि 27 नक्षत्रं त्यांत नऊ-नऊ अशी वाटलेली. म्हणजे एकनाड मानणाऱ्या घरांत साधारण दर तीन स्थळांतलं एक केवळ नाडीवर अडू शकतं. तुम्ही कशा आहात याचा त्यात काडीचाही संबंध नाही. मात्र पत्रिका आधी बघून झाली होती, त्यानंतर कांदेपोहे झाले आणि मग 'पत्रिका जुळत नाही' असा निरोप आला, तर तो सभ्य शब्दांतला नकार समजा आणि भेटीच्या रकान्यात टाका.

समजा, तुमच्या सातांपैकी दोन पत्रिकेवर गेली. एकांना मुलीने नोकरी सोडून सासरच्या गावी यावं असं वाटत होतं, एकांनी बायोडेटा बघून उत्तरच दिलं नाही. उरली तीन. त्या तिघांना भेटल्यावर तुम्हाला स्वतःला काय वाटलं होतं, तेही प्रामाणिकपणे लिहा. एखाद्या ठिकाणी तुम्हीच मनातून 'नको' म्हणत होतात असं सापडेल. नकार त्यांच्याकडून आधी आला म्हणून तो तुमचा पराभव वाटला. आता जी एक-दोन खरोखर दुखणारी उरतील, त्यांचं वाईट वाटू द्या. ते वाईट वाटणं रास्त आहे. पण ते सातांचं ओझं नाही.

त्या एक-दोन भेटींपुढे कागदावर दोन ओळी लिहा: काय घडलं, आणि मी त्यावरून काय ठरवलं. 'एका घराला सावळी मुलगी नको होती' हे घडलं. 'मी कुणालाच आवडणार नाही' हे तुम्ही ठरवलं. पहिल्या ओळीत दुसरी नाही, हे लिहिल्याशिवाय दिसत नाही. रंगावरून माणूस नाकारणारं घर लग्नानंतरही रंगावरूनच बोललं असतं, हेही मला स्पष्ट म्हणावंसं वाटतं.

इथे एक मोठी चूक होते: पुढच्या भेटीआधी गोरं होण्याची धावपळ. दुकानात सहज मिळणाऱ्या काही क्रीममध्ये स्टेरॉइड असतं. सुरुवातीला चेहरा उजळल्यासारखा वाटतो, पण पुढे त्वचा पातळ होते, लाल पडते, आणि क्रीम थांबवल्यावर पुरळ उसळतं. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासॉल किंवा मोमेटासोन यांपैकी नाव दिसलं, तर त्वचारोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय लावू नका. आधीच लावत असाल तर एकदम बंद न करता त्यांना दाखवा.

भेटींची पद्धतही थोडी बदलून बघा. पत्रिका, पगार, नोकरीचं गाव हे सगळं आधी फोनवर मिटवा आणि फोटो रोजच्यासारखा, फिल्टर न लावलेला द्या, म्हणजे जे अडायचं ते भेटीआधीच अडेल. पहिली भेट शक्यतो दोघांचीच, बाहेर चहाला. सहा माणसांसमोर ट्रे घेऊन येण्यापेक्षा तिथे तुम्हीही समोरच्याला पारखू शकता. महिन्याला दोनपेक्षा जास्त भेटी नकोत. 'कळवतो' म्हणाले तर आठ दिवस थांबावं, मामांनी एकदा फोन करावा आणि तरी उत्तर नाही तर तो नकार धरून पुढे जावं. नकारापेक्षा हे लटकणं जास्त पोखरतं.

सध्या मात्र महिनाभर एकही भेट ठेवू नका, आणि घरी तसं तारखेसह सांगा: "आई, अमुक तारखेपर्यंत स्थळांचा विषय नको." तारीख दिली की घरच्यांनाही थांबणं जमतं. या काळात दोन आठवडे सलग झोप-भूक बिघडलेली राहिली, कामात मन लागेनासं झालं किंवा जगू नये असं मनात येऊ लागलं, तर थांबू नका. 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं.