स्ट्रट म्हणजे टेकू, विशबोन म्हणजे बेचकं

प्रश्न : एका गाडीच्या माहितीपत्रकात ‘मॅकफर्सन स्ट्रट’ लिहिलंय, दुसरीच्यात ‘डबल विशबोन’. स्ट्रट म्हणजे आपला शॉकअपच ना? विशबोनला मराठीत काय म्हणायचं? आणि ‘डबल’ म्हणजे दुप्पट चांगलं का?

स्ट्रट आणि शॉकअप एक नव्हेत. इंग्रजीत स्ट्रट हा शब्द मुळात बांधकामातला. दाब सोसत दोन गोष्टींमधलं अंतर राखणारा दांडा म्हणजे स्ट्रट. आपल्याकडे त्याला टेकू म्हणतात, स्लॅबच्या फळ्यांखाली उभा असेल तर धिरा. हॅचबॅकचं मागचं दार वर धरून ठेवणाऱ्या गॅसच्या नळीलाही स्ट्रट म्हणतात, कारण तीही टेकूच आहे. शॉकअपचं काम वेगळं. स्प्रिंग दबली की ती खालीवर झुलत राहते, ते झुलणं तेलाच्या अडथळ्याने जिरवणं एवढंच त्याचं काम. चाक कुठे उभं राहावं, किती कलावं हे शॉकअप ठरवत नाही. तो काढून ठेवला तर गाडी बोटीसारखी डोलेल, पण चाक जागेवर राहील. स्ट्रट काढला तर चाकाचा वरचा आधारच जातो.

गोंधळ होतो कारण मॅकफर्सन स्ट्रटच्या पोटात शॉकअप असतो. जाड नळीत शॉकअप, तिच्याभोवती स्प्रिंग, नळीचं खालचं टोक नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, बोल्टांनी घट्ट, वरचं टोक बॉनेटखालच्या पत्र्याच्या उंच घुमटात. त्यामुळे दुकानात ‘पुढचे शॉकअप द्या’ म्हटलं की स्ट्रटच हातात पडतो, आणि व्यवहार अडत नाही. मात्र लिहिताना दोन शब्द वेगळे ठेवलेले बरे. मॅकफर्सन हे माणसाचं नाव. अर्ल मॅकफर्सन हे अमेरिकी अभियंते. त्यांची ही रचना १९५०च्या फोर्ड कॉन्सल आणि झेफर या ब्रिटिश गाड्यांमुळे रूढ झाली.

आता विशबोन. पक्ष्याच्या छातीजवळ दोन फाट्यांचं एक हाड असतं. इंग्रजी घरांत जेवणानंतर दोघं जण त्याची दोन टोकं धरून ओढतात, आणि मोठा तुकडा ज्याच्या हातात येतो त्याची इच्छा पुरी होते असं मानतात. त्यावरून हाडाचं नाव विशबोन, आणि हाडाच्या आकारावरून गाडीच्या भागाचं. ही प्रथा आपल्याकडे नाही, म्हणून ‘इच्छास्थी’ असा शब्द घडवला तर त्यातून वाचकाला काहीच दिसत नाही. त्या आकाराला मराठीत आधीपासून शब्द आहे, बेचकं. दोन पाय बिजागरीसारखे गाडीच्या सांगाड्याला आणि एक टोक चाकाकडे, असं आडवं ठेवलेलं लोखंडी बेचकं म्हणजे विशबोन. गॅरेजमध्ये त्याला नुसतं आर्म म्हणतात, अप्पर आर्म आणि लोअर आर्म. बोलताना तेच वापरावं, समजावून सांगताना बेचकं.

‘डबल’ ही निव्वळ मोजणी आहे. एका चाकाला वर एक आणि खाली एक, अशी दोन बेचकी. स्ट्रटवाल्या गाडीतही खालचं बेचकं असतंच. वरचं काढून त्याचं काम टेकूवर सोपवलेलं असतं. खर्च, जागा आणि वळणातली वागणूक हे तिन्ही फरक या एका अदलाबदलीतून निघतात.

खर्चाचं गणित सोपं आहे. स्ट्रटमध्ये दर चाकाला एक आर्म, त्याच्या बिजागऱ्यांतले दोन बुश, आर्मचं टोक नकलला जोडणारा एक बॉल जॉइंट आणि टेकूच्या डोक्यावरचं बेअरिंगसह माउंटिंग. डबल विशबोनमध्ये दोन आर्म, चार बुश, दोन बॉल जॉइंट, शिवाय स्प्रिंग आणि शॉकअप वेगळे बसवायचे. कारखान्यात स्ट्रट बाहेरच जोडून तयार येतो. बहुतेक गाड्यांत वर तीन नट आणि नकलला दोन बोल्ट आवळले की तो बसला. वरच्या बेचक्याच्या बिजागऱ्या मात्र सांगाड्यावर अगदी नेमक्या जागी लागतात, नाहीतर चाकाचा कल बिघडतो. तरीही स्ट्रट सगळीकडे स्वस्त पडेलच असं नाही. चाकाचा मार थेट घुमटात जात असल्याने तिथला पत्रा भक्कम करावा लागतो. शिवाय हा टेकू आडवा जोरही सोसतो, म्हणून त्याचा रॉड साध्या शॉकअपच्या रॉडपेक्षा बराच जाड असतो आणि स्प्रिंग मुद्दाम तिरकी बसवतात, म्हणजे रॉड नळीत एका बाजूला घासत नाही.

जागेबद्दल लोक अनेकदा अर्धंच सांगतात. स्ट्रट जागा वाचवतो ती रुंदीत, उंची मात्र तो खातो. वरचं बेचकं चाकाकडून आत इंजिनाच्या बाजूला घुसतं. इंजिन आडवं आणि त्याच्या शेजारी गिअरबॉक्स, अशी पुढच्या चाकांनी चालणारी गाडी असेल तर तिथे एकेक इंच मोलाचा असतो, म्हणून अशा बहुतेक गाड्या स्ट्रटवर गेल्या. त्याची किंमत म्हणजे घुमट उंच आणि त्यामुळे बॉनेटही उंच. होंडा सिव्हिकमध्ये बरीच वर्षं पुढे डबल विशबोन होतं, २००१च्या मॉडेलपासून तिथे स्ट्रट आला.

आपल्याकडचं बोलकं उदाहरण इनोव्हाचं. क्रिस्टामध्ये पुढे डबल विशबोन आहे, २०२२मध्ये आलेल्या हायक्रॉसमध्ये स्ट्रट. नव्या गाडीत ‘हलकं’ सस्पेन्शन दिलं असा अर्थ काही जण काढतात, पण कारण सांगाड्यात आहे. क्रिस्टा शिडीसारख्या चॅसिसवर उभी आहे. इंजिन गाडीच्या लांबीत उभं, मागची चाकं ओढणारी. शिडी जमिनीलगत सपाट असते आणि बॉडी तिच्यावर रबरावर ठेवलेली असते. टेकूचं डोकं टेकवायला लागणारी उंच, पक्की जागा शिडीला नसतेच. दोन बेचकी मात्र शिडीच्या बाजूलाच नीट बसतात. हायक्रॉसची बॉडी हाच तिचा सांगाडा, त्यामुळे घुमट आयता मिळतो, आणि इंजिन आडवं असल्याने वरच्या बेचक्याला जागा उरत नाही. स्कॉर्पिओ-एन आणि फॉर्च्युनर या शिडीवरच्या गाड्यांत पुढे डबल विशबोन दिसतं ते याच कारणाने.

राहिली वळणातली वागणूक. वळणावर गाडी बाहेर झुकते आणि बाहेरचं चाकही तिच्यासोबत बाहेर कलतं. टायर मग रुंदीभर न टेकता बाहेरच्या कडेवर उभा राहतो. याला उतारा असा, की चाक दबताना त्याचं डोकं आपोआप आत ओढलं जावं. वरचं बेचकं आखूड ठेवलं, आणि त्याचं आतलं टोक थोडं खाली धरलं, की ते जसं वर फिरतं तसं चाकाचं डोकं आत खेचतं. किती खेचायचं हे लांबी आणि उताराने ठरवता येतं.

आकड्यांत पाहू. मापं समजण्यापुरती धरली आहेत, कोणत्याही एका गाडीची नाहीत. दोन चाकांमधलं अंतर १५०० मिमी आणि गाडी ३ अंश झुकली, तर बाहेरचं चाक सुमारे ३९ मिमी दबतं. खालचा आर्म दोन्हींत ३५० मिमी आणि सुरुवातीला आडवा. स्ट्रटचं डोकं खालच्या बॉल जॉइंटपेक्षा ६०० मिमी वर, १२ अंश आत कललेलं. एवढ्या दाबाने चाकाचं डोकं जेमतेम ०.६ अंश आत येतं. म्हणजे रस्त्याच्या हिशेबाने चाक अजून २.४ अंश बाहेरच कललेलं. आता डबल विशबोन : वरचा आर्म २३० मिमी, आतलं टोक ३५ मिमी खाली, दोन बॉल जॉइंटमधलं अंतर २५० मिमी. इथे डोकं सुमारे १.७ अंश आत येतं आणि बाहेरचा कल १.३ अंशावर थांबतो. टायर त्या वळणात किती पकड देतो, ते या एका अंशाच्या फरकावर बरंच अवलंबून असतं.

स्ट्रटची मर्यादा याच हिशेबात पुढे गेलं की दिसते. तेच चाक ८० मिमी दबलं तरी एकूण लाभ ०.८ अंशच होतो, आणि १०० मिमीला तो कमी होऊ लागतो. खालचा आर्म टेकूशी काटकोनात आला की डोकं आत येणं थांबतं. त्यापुढे आर्मचं टोक बॉल जॉइंटला आत ओढतं आणि चाक उलट बाहेर कलू लागतं. म्हणूनच दिसायला छान म्हणून आखूड स्प्रिंग टाकून स्ट्रटची गाडी खाली बसवली तर वळणात ती पूर्वीपेक्षा वाईट वागू शकते. आर्म आधीच काटकोनाजवळ पोचलेला असतो. हे चाकाशेजारी वाकून पाहता येतं. गाडी सपाट जमिनीवर असताना आर्मचं चाकाकडचं टोक आतल्या टोकापेक्षा स्पष्ट वर दिसत असेल, तर स्प्रिंग जास्तच आखूड झाली आहे.

तरी ‘स्ट्रट म्हणजे वाईट वळण’ हे समीकरण चुकीचं आहे. पोर्शा ९११ने कित्येक वर्षं पुढे स्ट्रटच वापरला आणि ती गाडी वळणांसाठीच नावाजली गेली. सुरुवातीलाच चाकाला थोडा आतला कल दिला आणि गाडीचं झुकणं कमी ठेवलं की बराच तोटा भरून निघतो. पण त्याच गाडीच्या २०२१च्या जीटी३मध्ये पुढे डबल विशबोन आलं. शर्यतीच्या वेगात तो उरलेला अंश कामाचा ठरतो.

शब्द नीट कळले की गॅरेजमध्येही फायदा होतो. बॉल जॉइंटची ढील तपासताना जॅक कुठे लावायचा हे भार कोण वाहतं यावर ठरतं. स्ट्रटमध्ये वजन टेकूतून वर जातं, खालचा बॉल जॉइंट फक्त चाकाला धरून असतो. तिथे जॅक बॉडीखाली लावून चाक मोकळं लोंबू द्यायचं आणि वरखाली धरून हलवायचं. स्प्रिंग खालच्या आर्मवर टेकलेल्या डबल विशबोनमध्ये भार त्या बॉल जॉइंटवरच असतो. तिथे जॅक आर्मखाली, जॉइंटच्या शक्य तितक्या जवळ लावायचा. चाक लोंबतं ठेवलं तर स्प्रिंगचा दाब ढील झाकतो आणि झिजलेला जॉइंट ठणठणीत वाटतो.

गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावर ‘टक’ असा आवाज येऊन स्प्रिंग झटक्याने सरकत असेल, तर टेकूच्या डोक्यावरचं बेअरिंग पहिलं तपासा. स्ट्रट स्टिअरिंगबरोबर अख्खा फिरतो, ते फिरणं त्या बेअरिंगवर असतं. ही तक्रार घेऊन गेल्यावर कुणी ‘शॉकअप गेला’ एवढंच म्हणालं, तर नेमका कोणता भाग गेला ते विचारा : आतलं तेल, नळी, की डोक्यावरचं बेअरिंग. तिन्हींचा खर्च वेगळा आहे.