हजेरीपट, मोजमाप पुस्तिका आणि बँकेचे पैसे जुळत असतील, तर सामाजिक अंकेक्षणात आणखी काय पाहायचे?

प्रश्न: आमचे गाव बीड जिल्ह्यात आहे. रोजगार हमीच्या कामांच्या सामाजिक अंकेक्षणाची ग्रामसभा झाली, हजेरीपट वाचून दाखवले, सगळे कागद जुळले आणि सभा संपली. पण त्यातली काही माणसे त्या काळात ऊसतोडीला गेलेली होती, असे गावात बोलतात. कागद बरोबर असताना हे पकडता येते का?

उत्तर:

पकडता येते, मात्र कागदाला कागद लावून येत नाही. मी मराठवाड्यात मनरेगाच्या कामांवर साधन व्यक्ती म्हणून काम केले आहे, आणि तुम्ही वर्णन केलेली ग्रामसभा मला चांगली ओळखीची आहे. हजेरीपटावर जितके मनुष्यदिवस भरले, तितक्यांना पुरेल एवढे काम मोजमाप पुस्तिकेत चढते. त्यावरून मजुरी निघते आणि निधी हस्तांतरण आदेशाने ती खात्यावर जाते. म्हणजे पुढचा प्रत्येक कागद मागच्या कागदावरून तयार होतो. पहिली नोंद खोटी असली तरी उरलेले कागद तिच्याशी निमूटपणे जुळतात. म्हणूनच २०११ च्या लेखापरीक्षा नियमांत हजेरीपटावरील नोंदी आणि मजुरीचे वाटप हे त्या मजुरांना प्रत्यक्ष भेटून पडताळावे, असे स्पष्ट म्हटले आहे. ग्रामसभेत मोठ्याने वाचन करणे ही या पडताळणीची शेवटची पायरी आहे; तुमच्याकडे बहुधा तीच पहिली ठरली.

एक उदाहरण सांगतो. बीड जिल्ह्यातीलच एका गावात पाणंद रस्त्याचे मातीकाम होते. डिसेंबर २०२४ मधील चार आठवड्यांचे चार हजेरीपट, प्रत्येकावर तीच बारा नावे आणि प्रत्येक नावापुढे आठवड्याला सहा दिवस, म्हणजे एकूण २८८ मनुष्यदिवस. त्या वर्षीच्या २९७ रुपये दराने ८५,५३६ रुपये मजुरी निघाली होती. आम्ही टेप लावून रस्ता मोजला, तेव्हा लांबी-रुंदी पुस्तिकेप्रमाणेच भरली. मला खटकली ती वेगळीच गोष्ट. मातीकामाची मजुरी मोजमापावर ठरते, त्यामुळे ती आठवड्यागणिक थोडी कमी-जास्त पडायला हवी. इथे मात्र चारही आठवडे प्रत्येकाला दिवसाला बरोबर २९७ पडले होते. यावरून काही सिद्ध होत नाही, पण कोणत्या कामावर जास्त वेळ द्यायचा, हे कळते.

आम्ही बारा नावे घेऊन घरोघर गेलो. प्रत्येक ठिकाणी जॉबकार्ड पाहिले, पासबुक त्याच आठवड्यात बँकेतून भरून आणायला सांगितले आणि मग कामाविषयी विचारले. विचारण्याची रीत महत्त्वाची असते. ‘तुम्ही कामावर होता का?’ असे विचारले की माणूस ‘होतो’ म्हणून मोकळा होतो. त्याऐवजी ‘सोबत कोण होते, काम कुठून सुरू झाले, दिवाळीनंतर तुम्ही कुठे होता?’ असे विचारावे. बारापैकी सात जणांबद्दल गावात ऊसतोडीची कुजबुज होती. त्यांतील दोघी बायका मात्र खरोखर कामावर होत्या. त्यांचे नवरे भावाबरोबर कोयता घेऊन गेले होते आणि त्या म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांसाठी मागे राहिल्या होत्या. जॉबकार्ड कुटुंबाचे असले तरी हजेरी माणसाची असते, त्यामुळे ‘ते घर तोडीला गेले होते’ एवढ्यावर कुणाचेही नाव खोटे ठरवू नये.

उरलेल्या पाच जणांनी आपण डिसेंबरमध्ये गावात नव्हतो असे सांगितले. पण केवळ तोंडी सांगणे पुढे टिकत नाही, म्हणून या साखळीबाहेरचा एखादा कागद शोधावा लागतो. आमच्या भागात तो शाळेत सापडतो. आई-वडील ऊसतोडीला गेले की मागे राहिलेल्या मुलांसाठी जिल्हा परिषदेच्या शाळेत हंगामी वसतिगृह चालते, आणि कोणते मूल कोणत्या तारखेपासून तिथे आहे याची नोंद असते. ती नोंद हजेरीपट लिहिणाऱ्याच्या हातची नसते. पाचपैकी तिघांची मुले नोव्हेंबरच्या अखेरीपासून त्या नोंदवहीत होती. उरलेल्या दोघांची मुले लहान असल्याने सोबतच गेली होती. त्यांच्या बाबतीत शेजाऱ्यांचे म्हणणे एवढेच आमच्या हाती राहिले.

आता पैशाचे. मजुरी थेट खात्यावर जात असल्याने गैरप्रकार होऊ शकत नाही, हा समज चुकीचा आहे. पाचही जणांच्या खात्यावर प्रत्येकी ७,१२८ रुपये खरोखर जमा झाले होते. पासबुकात जमेची तारीख जानेवारीतली होती आणि काढल्याची तारीख ते गावी परतल्यानंतरची, मार्चमधली. ग्राहक सेवा केंद्राच्या यंत्रावर अंगठा त्यांनीच दिला होता. पाचशे रुपये हातात ठेवून बाकीचे परत घेण्यात आले होते. म्हणून ‘पैसे मिळाले का?’ एवढ्यावर न थांबता ‘काढायला कुणाबरोबर गेला होता आणि हातात किती राहिले?’ हे विचारावे लागते. याच्या उलटही घडते. खऱ्या मजुरांपैकी एकाने दमडीही मिळाली नाही, अशी तक्रार केली होती. आधारवर आधारित पद्धतीत रक्कम ज्या खात्याला सर्वांत अलीकडे आधार जोडले त्या खात्यात जाते. त्याची मजुरी त्याने पूर्वी कधी तरी उघडलेल्या दुसऱ्या बँकेतल्या खात्यात पडून होती. ही खात्री न करता आम्ही तक्रार वाचली असती, तर त्या एका चुकीच्या मुद्द्यावर सगळा अहवाल हाणून पाडला गेला असता.

मग सात माणसांत बारा जणांचे मातीकाम झाले कसे? त्या सात जणांनीच सांगितले की दोन दिवस जेसीबी आला होता. टेप लावून हे कधीच कळले नसते, कारण माती खरोखर टाकलेली होती.

ग्रामसभेचे अध्यक्षस्थान गावातील एका वयस्कर गृहस्थांकडे होते; पंचायतीत किंवा ते काम करणाऱ्या यंत्रणेत असलेल्या व्यक्तीला ते देता येत नाही. आम्ही कामाचे नाव, आठवडा, मजुराचे नाव, दिवस आणि रक्कम या क्रमाने वाचले. खाते क्रमांक वाचायचे नसतात. जबाब मात्र आदल्या संध्याकाळी वस्तीवर आणि तांड्यावर बसून लिहून, वाचून दाखवून, सही-अंगठ्यासह घेतले होते. सरपंच समोर बसलेले असताना, पुढच्या वर्षी ज्याच्याकडे काम मागायचे त्याच्याविरुद्ध कोणी उठून बोलेल, अशी अपेक्षा मी आता ठेवत नाही.

तुमच्या गावच्या बाबतीत मी आधी सभेची तारीख पाहीन. सहा महिन्यांतून एकदा अंकेक्षण व्हावे असा नियम आहे, पण ते जानेवारीत झाले तर ज्यांना विचारायचे तीच माणसे फडावर असतात आणि दाराला कुलूप असते. तसे असल्यास ‘मजूर भेटला नाही’ एवढे न लिहिता कोणत्या तारखेला घर बंद होते आणि त्याच आठवड्याच्या हजेरीपटावर ते नाव आहे का, हे अहवालात नोंदवून घ्यायला सांगा. हजेरीपट योजनेच्या संकेतस्थळावर कामानुसार पाहता येतात, त्यामुळे ते जुळवणे तुम्हालाही जमेल.

आमच्या त्या प्रकरणात ग्रामसभेला स्वतः दंड करण्याचा किंवा वसुलीचा अधिकार नव्हता. मुद्दे तालुक्याच्या जनसुनावणीत गेले. ज्या तिघांची मुले वसतिगृहाच्या नोंदवहीत होती, त्यांच्या नावावरील २१,३८४ रुपयांची वसुली तिथे निश्चित झाली. उरलेल्या दोघांनी जनसुनावणीत आपला जबाब फिरवला आणि त्यांचे १४,२५६ रुपये ‘पुराव्याअभावी’ सोडून देण्यात आले.